लग्नाच्या बायोडेटात अपस्मार: एक ओळ, तिची जागा आणि तिचे शब्द

प्रश्न: मी 28 वर्षांची, मालवणजवळच्या गावातली. एम.कॉम. झालंय, कुडाळला एका पतसंस्थेत 5 वर्षं अकाउंटंट आहे. भजनात पेटी वाजवते, मे महिन्यात आईबरोबर आमसुलं करून विकते. 15व्या वर्षापासून मला फिट्स येतात. शेवटची नोव्हेंबर 2021 मध्ये आली, गोळ्या रोज चालू आहेत. लग्नाचा बायोडेटा करायचाय. आई म्हणते, "आधी बघून जांवदे, मगे सांगूया." मला लपवायचं नाही, पण मी लिहिलेलं वाचलं की माझ्यात आजाराशिवाय दुसरं काहीच नाही असं वाटतं. मसुदा असा आहे: "मला लहानपणापासून फिट्सचा त्रास आहे, पण आता खूप कमी आहे. आजाराशी झुंज देऊन मी एम.कॉम. पूर्ण केलं. त्रास असूनही पतसंस्थेत नोकरी करते. भजनात पेटी वाजवल्याने मन शांत राहतं. अपेक्षा: आजार समजून घेणारा, सांभाळून घेणारा मुलगा." कसं लिहू?

उत्तर:

मसुद्यात पाच वाक्यं आहेत आणि पाचही वाक्यांत आजार आहे. पेन्सिल घेऊन खुणा करून बघा. पहिल्या वाक्यात तो उघड आहे. दुसऱ्यात "झुंज देऊन" आलं, म्हणजे एम.कॉम. ही आजाराची गोष्ट झाली. तिसऱ्यात "असूनही" आलं, म्हणजे नोकरीही त्याचीच. चौथं वाक्य वरवर पेटीचं आहे, पण "मन शांत राहतं" म्हटल्यावर वाचणाऱ्याला पेटी औषधाच्या जागी दिसते. पाचव्यात मुलाकडून अपेक्षा आहे ती एका सांभाळणाऱ्याची. तुम्हाला जे वाटलं ते बरोबर आहे आणि त्याचं कारण या शब्दांत आहे. आजाराचा उल्लेख केला म्हणून तसं झालेलं नाही. एकदाच करायचा उल्लेख पाच ठिकाणी सांडला आहे, म्हणून तसं झालं.

आधी "असूनही", "तरीही", "झुंज", "मात करून" हे शब्द काढून टाका. मराठीत "असूनही" हा शब्द फार जड आहे. "फिट्स असूनही नोकरी करते" या वाक्यात नोकरी हे आश्चर्य ठरतं आणि आजार हा नियम. तुम्ही 5 वर्षं पतसंस्थेचे हिशेब जुळवता आहात, त्यात आश्चर्य काही नाही. "कुडाळच्या पतसंस्थेत 5 वर्षं अकाउंटंट" एवढंच लिहिलं की ते वाक्य आपल्या पायावर उभं राहतं.

मग बाकीचा मजकूर भरायचा. आजार सगळी जागा व्यापतो त्याचं दुसरं कारण हे असतं की बाकीचं सगळं मोघम असतं. "मनमिळाऊ, हौशी, सुसंस्कृत" अशा शब्दांचं वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही. "अपस्मार" हा एकच शब्द ठोस असतो, म्हणून तोच लक्षात राहतो. उपाय असा की त्याच्या आजूबाजूला तितक्याच ठोस चार-पाच गोष्टी ठेवायच्या. रोज मालवणहून कुडाळला एसटीने जाता की तिथेच खोली घेऊन राहता? पतसंस्थेत नेमकं काय बघता, कर्जखाती की ऑडिटची तयारी? भजनात फक्त गजराला साथ करता की डबलबारीलाही बसला आहात? आमसुलं किती करता, विकता कुठे? यातल्या प्रत्येकाचं एकेक छोटं वाक्य करा. "मे महिन्यात आईबरोबर घरच्या रातांब्यांची आमसुलं करते, मुंबईची ठरलेली गिऱ्हाइकं आहेत" हे वाक्य वाचून मुलगा पहिल्या फोनवर काय विचारेल ते बघा. आमसुलांबद्दल विचारेल, आणि बोलणं तिथून सुरू होईल.

अशा मजकुरातून दुसरंही एक काम आपोआप होतं. अपस्मार म्हटल्यावर लोकांच्या मनात न विचारलेले प्रश्न असतात: एकटी बाहेर जाते का, कामाला सुट्ट्या पडतात का, चारचौघांत बसते का. रोजचा प्रवास, 5 वर्षांची एकच नोकरी आणि भजनाची बैठक या तीन गोष्टी त्यांची उत्तरं देतात. आजाराचं नावही न घेता देतात.

आता ओळ कुठे घालायची ते पाहू. आपल्याकडच्या बायोडेटाचा क्रम साधारण ठरलेला असतो: नाव, जन्मतारीख-वेळ-ठिकाण, रास-नक्षत्र-नाडी, उंची, रक्तगट, शिक्षण, नोकरी, मग आईवडील, भावंडं, मामांचं गाव, अपेक्षा, संपर्क. पुष्कळजण आजाराची गोष्ट सगळ्यात शेवटी, संपर्काच्या वर "टीप" म्हणून घालतात. ही सगळ्यात वाईट जागा. शेवटची टीप ही कबुलीसारखी वाचली जाते आणि कागद खाली ठेवताना तेवढीच मनात राहते. अगदी वर घातली तर पुढचं सगळं तिच्याच चष्म्यातून वाचलं जातं. योग्य जागा मधली: नोकरी आणि छंद संपल्यावर, कुटुंबाची माहिती सुरू होण्याआधी, "आरोग्य" असा साधा रकाना करून. रक्तगटही तिथेच हलवा. रक्तगटाशेजारी बसली की ती ओळ जशी आहे तशी दिसते, म्हणजे माहितीसारखी.

त्या ओळीत चार गोष्टी असाव्यात: आजाराचं नाव, शेवटची फिट कधी, उपचार चालू आहेत की नाहीत, आणि रोजच्या जगण्यात त्यामुळे नेमकं काय बदलतं. तुमच्यासाठी ती अशी होईल:

"आरोग्य: रक्तगट ... . अपस्मार (फिट्स) आहे, शेवटची फिट नोव्हेंबर 2021 मध्ये. रोज गोळ्या घेते, न्यूरोलॉजिस्टकडे नियमित तपासणी. नोकरी, घरकाम, प्रवास नेहमीसारखा. गाडी चालवत नाही. अधिक माहिती फोनवर मोकळेपणाने देईन."

रक्तगट सोडला तर पंचवीसेक शब्द झाले. अख्खा बायोडेटा अडीचशे शब्दांचा धरला तर दहावा हिस्सा. याहून लांब झाली तर ती खुलासा देते असं वाटू लागतं. याहून आखूड केली, नुसतं "फिट्सचा त्रास" एवढंच ठेवलं, तर उरलेलं वाचणाऱ्याची कल्पना भरते आणि ती नेहमी वाईटच भरते.

यातला एकेक शब्द का, ते सांगतो. "अपस्मार" हा आजाराचा शब्द आहे आणि "फिट्स" हा लोकांना कळणारा. दोन्ही लागतात. नुसतं "अपस्मार" लिहिलं तर काहींना कळणार नाही आणि कळल्यावर शब्दाआड लपवलं असं वाटेल. नुसतं "फिट्स" लिहिलं तर चक्कर येण्यापासून अंगात येण्यापर्यंत काहीही समजलं जातं. कोकणात हे महत्त्वाचं आहे. अजूनही कित्येक घरांत फिट आली की आधी देवाला कौल लावला जातो, बाहेरची बाधा म्हटलं जातं आणि डॉक्टर त्यानंतर येतो. आजाराचं नाव, गोळ्या आणि न्यूरोलॉजिस्ट हे तीन शब्द एका ओळीत आले की तो सगळा गोंधळ बाजूला होतो. मेंदूतल्या पेशींचे विद्युतसंदेश काही क्षण एकदम उसळतात, त्याला फिट म्हणतात. तो उपचार होणारा आजार आहे आणि ती ओळ वाचणाऱ्याला तो त्या खणात ठेवता येतो.

तारीख "4 वर्षांपूर्वी" अशी लिहू नका, महिना आणि वर्ष लिहा. बायोडेटा वर्ष-दीड वर्ष एका मोबाइलमधून दुसऱ्यात फिरत असतो. "4 वर्षांपूर्वी" हे वाक्य फिरता फिरता खोटं होतं, "नोव्हेंबर 2021" खरंच राहतं. याच कारणासाठी तळाला बायोडेटा तयार केल्याचा महिना आणि वर्षही टाका.

"पूर्ण बरी आहे" लिहू नका. हा मोह घरच्यांना सगळ्यात जास्त होतो. अपस्माराच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2014 मध्ये केलेल्या व्याख्येप्रमाणे आजार सरला असं म्हणायला 10 वर्षं फिट नसावी लागते आणि त्यातली शेवटची 5 वर्षं गोळ्यांशिवाय गेलेली असावी लागतात. (वयाशी बांधलेला एखादा प्रकार ते वय ओलांडल्यावर सरतो, तो वेगळा.) गोळ्या चालू असताना खरा शब्द "नियंत्रणात" हा आहे. त्यात कमीपणा काही नाही. नीट उपचार मिळाले तर अपस्माराच्या 10 पैकी 7 रुग्णांच्या फिट्स थांबू शकतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि तुम्ही त्या सातांत आहात. "पूर्वी त्रास होता" हे वाक्य तर त्याहून घातक. ते धड खोटं नसतं, पण लग्नानंतर कपाटात गोळ्यांची पाकिटं दिसली की ते खोटंच ठरतं.

"गाडी चालवत नाही" हे बारीक वाटेल, पण ते असू दे. शिकाऊ परवान्याच्या अर्जासोबत जी स्वयंघोषणा द्यावी लागते, नमुना 1, तिच्यात अपस्माराबद्दल थेट प्रश्न असतो. कोकणात वाड्या लांब लांब, एसटी ठरावीक वेळेला. सून स्कूटर चालवेल असं सासरी गृहीत धरलेलं असतं. एक खरी मर्यादा स्वतःहून सांगितली की "बाकी नेहमीसारखं" या शब्दांवरही विश्वास बसतो.

काय लिहायचं नाही तेही सांगायला हवं. गोळ्यांची नावं, डोस, डॉक्टरांचं नाव, एमआरआय किंवा ईईजीचे रिपोर्ट, पहिली फिट कुठे आणि कशी आली, यातलं काहीही बायोडेटात नको. हा कागद व्हॉट्सॲपवर अनोळखी गटांत जाणार आहे. लपवाछपवी आणि खासगीपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजार आहे हे सगळ्यांना कळलं तरी चालेल, त्याचे कागद मोजक्या लोकांनीच बघायचे. आणखी एक: लहानपणी तापात एकदा झटका आला होता, एवढंच असेल तर तो अपस्मार नव्हे आणि त्याची ओळ घालायची गरज नाही. दुसऱ्या कोणी हे वाचून स्वतःचा बायोडेटा लिहिणार असेल तर "अपस्मार" हा शब्द लिहिण्याआधी निदान नेमकं काय आहे ते डॉक्टरांकडून विचारून घ्या.

विवाहाच्या काही संकेतस्थळांवर "शारीरिक स्थिती" अशा नावाचा रकाना असतो आणि त्यात दोनच पर्याय मिळतात, सामान्य किंवा अपंगत्व. तुम्ही तिथे "सामान्य" निवडलं तर ते खोटं नाही, कारण तो रकाना शारीरिक अपंगत्वाबद्दल विचारतो. मात्र आरोग्याचा वेगळा रकाना असला तर तो रिकामा सोडू नका. नसला तर वरचीच ओळ "माझ्याविषयी" मध्ये, तिसऱ्या-चौथ्या वाक्याला घाला.

आता आईंच्या म्हणण्याकडे येतो, कारण त्या चुकीच्या भीतीपोटी बोलत नाहीत. ओळ लिहिली की काही स्थळं फोनच करणार नाहीत, हे खरं आहे. धाकटी भावंडं असतील तर त्यांच्या स्थळांचीही काळजी त्यांच्या मनात असेल. पण "बघून गेल्यावर सांगू" हा बेत प्रत्यक्षात कसा फसतो ते बघा. पाहण्याचा कार्यक्रम होतो, मुलाकडची माणसं गणपतीला किंवा मे महिन्यात मुंबईहून चार दिवसांसाठी आलेली असतात, पसंती लगेच कळते आणि सुपारीची तारीखही त्याच बैठकीत निघते. सांगायची जागाच उरत नाही. मग "पत्रिका जुळू दे", मग "साखरपुडा होऊ दे" असं पुढे पुढे जातं, आणि दरम्यान गावातलं कोणीतरी मुलाच्या मावशीला सांगतं, "तिका फिटी येतत." शाळेत फिट आली असेल तर गावाला ते माहीत असतंच. बातमी पोचणार आहे. फक्त ती तुमच्या शब्दांत पोचायची की त्यांच्या, एवढंच तुमच्या हातात आहे.

कायदाही आईंना समजावून सांगा, कारण "फिट्स असल्या तर लग्नच होत नाही" असं जुन्या लोकांच्या डोक्यात असतं आणि त्याला एके काळी आधार होता. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 5 मध्ये वारंवार येणारे अपस्माराचे झटके हा लग्नाला अडथळा मानलेला होता. 1999 च्या दुरुस्तीने तो शब्द काढून टाकला, विशेष विवाह कायद्यातूनही. आज अपस्मार असणं हा लग्नाला कायद्याने अडथळा नाही. अडचण येते ती लपवल्यामुळे. हिंदू विवाह कायद्याच्याच कलम 12 खाली, महत्त्वाच्या गोष्टीबाबत फसवून संमती घेतली असेल तर लग्न रद्द करून मागता येतं. फसवणूक कळल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, आणि कळल्यानंतरही जोडीदार स्वतःच्या इच्छेने एकत्र राहिला असेल तर तो मार्ग बंद होतो. लपवलेला आजार "महत्त्वाची गोष्ट" ठरतो की नाही हे न्यायालय प्रत्येक प्रकरणाचा तपशील बघून ठरवतं. बायोडेटात लिहा असं कायदा कुठेही सांगत नाही. संमती देण्याआधी मुलाला माहीत असलं पाहिजे, मुद्दा तेवढा आहे.

म्हणून घरच्यांचं अगदीच मन होत नसेल तर दुसरी वाट आहे, पण तिला एक पक्की हद्द हवी. गटांवर फिरणाऱ्या प्रतीत आरोग्याची ओळ ठेवू नका. मात्र पत्रिका बघून पुढे बोलायचं ठरलं की, पाहण्याच्या कार्यक्रमाआधी, तुम्ही स्वतः मुलाला फोन करायचा आणि फोननंतर लेखी निरोप पाठवायचा. एवढा पुरे: "नमस्कार, आत्ता फोनवर बोललो तेच लिहून ठेवते. मला अपस्मार आहे, शेवटची फिट नोव्हेंबर 2021 मध्ये आली, रोज गोळ्या चालू आहेत. घरी सगळ्यांशी बोलून, पुढे भेटायचं की नाही ते सावकाश कळवा." "माफ करा", "आधी सांगायला हवं होतं" असलं काही त्यात नको. तो निरोप जपून ठेवा.

दोन वाटांत मला पहिली, म्हणजे बायोडेटातच ओळ ठेवण्याची, जास्त बरी वाटते. प्रत्येक स्थळाला नव्याने फोन करून तेच सांगणं माणसाला पोखरतं. दहाव्या फोनला आवाजात अपराधीपणा येतो आणि ऐकणाऱ्याला तोच ऐकू जातो. कागदावर ओळ असली की ज्यांना ते चालणार नाही ते लोक न बोलताच बाजूला होतात. दुखतं, पण पाहायला येऊन, पोहे खाऊन, मग नकार कळण्यापेक्षा कमी दुखतं.

ओळ कागदावर असूनही एका ठिकाणी हमखास गळते. मध्यस्थ. काकू किंवा मामा चांगल्या मनाने ती काढून टाकतात, नाहीतर मजकूर स्वतः पुन्हा टाइप करून पाठवतात आणि "तेवढं मी तोंडी सांगितलंय" म्हणतात. तोंडी सांगितलेलं बहुतेक वेळा मुलाच्या वडिलांपर्यंत पोचतं आणि तिथेच थांबतं. म्हणून बायोडेटा पीडीएफ करूनच द्या, आणि पहिल्या फोनवर कोणाशीही बोललात तरी विचारा, "बायोडेटातली आरोग्याची ओळ वाचलीत ना?" मुलाशी स्वतंत्रपणे बोलाल तेव्हा त्यालाही हाच प्रश्न. "कुठली ओळ?" असं उत्तर आलं तर कुठे गळली ते तिथल्या तिथे कळतं.

त्या फोनवर पुढचे प्रश्न येतील आणि त्यांची उत्तरं बायोडेटात नसली तरी तयार असायला हवीत. पहिला प्रश्न नेहमी मुलांचा असतो. आईला किंवा वडिलांना अपस्मार असेल तर मुलाला होण्याची शक्यता साधारण 100 मध्ये 5 च्या आसपास असते. इतरांच्या मुलांत ती 1 ते 2 असते. कारणाप्रमाणे ती कमीजास्त होते, म्हणून तुमच्याबाबतीत किती ते न्यूरोलॉजिस्टकडून विचारून ठेवा. दुसरा प्रश्न गरोदरपणाचा. अपस्मार असलेल्या बहुतेक बायकांची बाळंतपणं नीट पार पडतात, पण गोळी कोणती यावर पुष्कळ अवलंबून असतं. सोडियम व्हॅल्प्रोएट घेत असाल तर लग्न ठरायची वाट न बघता आत्ताच डॉक्टरांशी बोला, कारण त्या गोळीने साधारण 10 पैकी 1 बाळात जन्मजात व्यंग दिसतं आणि 10 पैकी 3 ते 4 मुलांच्या शिकण्या-वाढण्यात अडचणी येतात. लॅमोट्रिजिन, लेव्हेटिरासिटाम यांचा धोका बराच कमी मानला जातो. गोळी बदलायला काही महिने जातात आणि ती डॉक्टरच बदलतात. स्वतःहून थांबवली तर फिट परत येऊ शकते. फोनवर एवढंच सांगा: "गोळी कोणती ती डॉक्टरांना माहीत आहे, गर्भधारणेआधी काय करायचं तेही विचारून ठेवलंय."

तिसरा प्रश्न फिट आली तर काय करायचं, हा. ते शांतपणे सांगा. माणसाला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी द्यायचं, तोंडात चमचा, पाणी, काहीही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, कांदा किंवा चप्पल हुंगायला द्यायची नाही, घड्याळ बघायचं. 5 मिनिटांत थांबली नाही किंवा लागोपाठ दुसरी आली तर दवाखाना. विहिरीवर, खाडीत किंवा समुद्रात एकटीने पोहायचं नाही, एवढी काळजी आपल्या भागात वेगळी सांगावी लागते. चुलीवर किंवा मोठ्या हंड्यांजवळ काम करताना कोणीतरी आसपास असलेलं बरं.

या सगळ्याचा लग्नाच्या आठवड्याशी थेट संबंध आहे, आणि लपवू नये याचं मला सगळ्यात मोठं वाटणारं कारण तेच आहे. चुकलेली गोळी आणि मोडलेली झोप ही नियंत्रणातली फिट परत येण्याची दोन नेहमीची कारणं. आणि लग्नात दोन्ही एकदम होतात: हळद, रात्री उशिरापर्यंतची पंगत, नव्या घरी पूजा, कुठे गोंधळ, पहाटेच्या गाडीने देवदर्शन. जिने सासरी सांगितलेलं नसतं ती गोळ्या पर्सच्या चोरकप्प्यात ठेवते आणि चारचौघांत काढता येत नाही म्हणून एखादी राहून जाते. मग नेमकी त्या घरात पहिल्या आठवड्यात फिट येते. जिने सांगितलेलं असतं तिला नवराच म्हणू शकतो, "नऊ वाजले, गोळी घे आणि जरा पड." उपवासांचंही तसंच; गोळीची वेळ उपवासाने बदलत नाही, हे आधीच सांगून ठेवा.

बायोडेटा फिरत असताना मधेच फिट आली तर? त्या वेळी मोडून जाऊ नका. ज्यांच्याशी बोलणं चालू आहे त्यांना त्याच आठवड्यात कळवा, कारण कळलं असेल तर तेही सांगा (प्रवासात दोन गोळ्या चुकल्या वगैरे), आणि ओळीतली तारीख बदलून नवी पीडीएफ करा. जुनी प्रत परत मागवता येत नाही, म्हणूनच तळाचा महिना-वर्ष कामाला येतो.

अपेक्षांचा रकाना उरला. "समजून घेणारा, सांभाळून घेणारा" काढा. तिथे तुम्हाला खरंच काय हवंय ते लिहा: सिंधुदुर्गात किंवा गोव्याच्या जवळ नोकरी, लग्नानंतर तुमची नोकरी चालू राहणं, भजनाला जाण्याची मोकळीक. आजाराबद्दल काही अपेक्षा असेलच तर ती एका कृतीची ठेवा, आणि ती बायोडेटात न लिहिता बोलणं पुढे गेल्यावर सांगा: साखरपुड्याआधी मुलाने तुमच्याबरोबर एकदा न्यूरोलॉजिस्टकडे यावं. जाण्याआधी त्याला सांगा, त्याचे प्रश्न त्याने चिठ्ठीवर लिहून आणावेत. डॉक्टरांना आधी कळवून ठेवलंत की अमुक मुलासमोर माझ्या आजाराविषयी बोललात तरी चालेल, तर ते मोकळेपणाने बोलतात. नाहीतर रुग्णाची माहिती दुसऱ्यासमोर सांगायला ते कचरतात आणि ती खेप वाया जाते.

बदललेला मजकूर जुळवून असा दिसेल:

"एम.कॉम. कुडाळच्या पतसंस्थेत 5 वर्षं अकाउंटंट, रोज एसटीने ये-जा. गावच्या भजनी मंडळात पेटीची साथ करते. मे महिन्यात आईबरोबर घरची आमसुलं करून विकते. आरोग्य: रक्तगट ... . अपस्मार (फिट्स) आहे, शेवटची फिट नोव्हेंबर 2021 मध्ये. रोज गोळ्या घेते, न्यूरोलॉजिस्टकडे नियमित तपासणी. नोकरी, घरकाम, प्रवास नेहमीसारखा. गाडी चालवत नाही. अधिक माहिती फोनवर मोकळेपणाने देईन. अपेक्षा: कोकणात किंवा गोव्यात नोकरी-व्यवसाय असलेला, माझी नोकरी आणि भजन चालू ठेवायला हरकत नसलेला."

प्रवासाचं किंवा आमसुलांचं वाक्य तुमच्या बाबतीत वेगळं असेल तर तेवढं बदला. मग हा मजकूर तुमच्या मसुद्याशेजारी ठेवून आईंना मोठ्याने वाचून दाखवा. आरोग्याच्या ओळीवर तुमचा आवाज खाली गेला तर ती पुन्हा वाचा, रक्तगट वाचता त्याच सुरात.